नेकनूरच्या बीमचे दोन आकडे

सर, नेकनूरच्या घराचा दोन गाळ्यांचा बीम पुन्हा तपासला. प्रत्येक गाळा 4 मीटरचा, भार मीटरला 20 किलोन्यूटन. हातच्या गणितात मधल्या आधारावरचा मोमेंट 40 किलोन्यूटन-मीटर येतो. सॉफ्टवेअर 32 दाखवते. दोन्ही बरोबर आहेत, गृहीतक वेगळे आहे.

हाताने करताना आपण कडेचे आधार मोकळे धरतो. बीम तिथे बिजागरीसारखा फिरतो, म्हणून टोकाला मोमेंट शून्य. सॉफ्टवेअरमध्ये मात्र बीम कॉलमला जखडलेला आहे. कॉलम त्याला पूर्ण फिरू देत नाही, त्यामुळे टोकाला 16 मोमेंट येतो. टोकाच्या मोमेंटचा निम्मा मधल्या आधारावरून कमी होतो: 40 वजा 8, म्हणजे 32. खात्रीसाठी मॉडेलमध्ये बीमची टोके मोकळी केली, तर 40च आले.

आय.एस. 456 मधले तयार गुणांक इथे चालत नाहीत; ते तीन किंवा अधिक गाळ्यांसाठी आहेत.

खरी अडचण टोकाला आहे. हातच्या आकड्यावर विसंबलो तर तिथे वरच्या बाजूला हिशोबाची सळई पडत नाही, आणि काँक्रीटला वरून तडा जाऊ शकतो. जोड एकसंध ओतला जाणार आहे. म्हणून टोकाला 16 साठी वरची सळई कॉलममध्ये पुरेशी गुंतवून द्यावी, कॉलमही त्याच मोमेंटला तपासावा, आणि मधल्या आधारावर मात्र 40 चीच सळई ठेवावी, ही विनंती.