कामाचा शब्द आधी

गुगलमध्ये शोधल्यावर दिसणारं शीर्षक अक्षरं मोजून नव्हे, पडद्यावरच्या रुंदीनुसार कापलं जातं. संगणकावर ते साधारण 600 पिक्सेलच्या एकाच ओळीत बसवतात आणि उरलेल्या भागाच्या जागी तीन टिंबं येतात. फोनची ओळ अरुंद असली तरी शीर्षक बहुधा दुसऱ्या ओळीवर उतरतं, त्यामुळे तिथे कधीकधी जास्त शब्द दिसतात. खालचं वर्णन मात्र फोनवर सहसा लवकर तुटतं.

एक शीर्षक पाहा: ‘आजीच्या स्वयंपाकघरातील पारंपरिक पाककृतींचा खजिना : उकडीचे मोदक फुटू नयेत म्हणून काय करावे’. संगणकावर मोदक फुटण्याचा मुद्दाच कापला जाण्याची भीती. त्याऐवजी ‘उकडीचे मोदक फुटू नयेत म्हणून काय करावे : आजीची पद्धत’ असं लिहिलं, तर शेपूट तुटली तरी वाचकाला उत्तर कुठे आहे ते कळतं.

देवनागरीत ‘ष्ट्र’सारखं जोडाक्षर मोजणीत अनेक चिन्हांचं, पण जागा थोडीच घेतं. म्हणून आकड्यावर विसंबू नये. दोन्ही पडद्यांवर शोधून पाहावं. शीर्षक मजकुराशी जुळत नसेल, तर गुगल ते स्वतःच बदलू शकतं.