डाळ आधी, गूळ नंतर

पुरणपोळीची कृती वहीत उतरवली तर जेमतेम आठ ओळींची होते. एक वाटी हरभऱ्याची डाळ धुऊन, भिजवून तीन वाट्या पाण्यात शिजवावी. कट काढून घ्यावा. डाळीत एक वाटी चिरलेला गूळ घालून आटवावे. वेलची-जायफळ घालावे. पुरण गरम असतानाच वाटावे. कणीक सैलसर भिजवून मुरू द्यावी. कणकेच्या उंड्यात पुरण भरून पोळी लाटावी. तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून तूप सोडावे.

ज्यांच्या घरात दर होळीला पुरण शिजते त्यांना एवढे पुरते. ज्याने कधी केलेली नाही, त्याच्यापुढे मात्र प्रत्येक ओळीला दोन-तीन प्रश्न उभे राहतात. बंगळुरूला राहणारी माझी भाची सणाच्या आदल्या दिवशी फोनवर असेच विचारत होती. "मावशी, डाळ आणि गूळ एकदमच कुकरला लावले तर नाही का चालणार? एक भांडं वाचेल." प्रश्न अगदी रास्त आहे. शेवटी दोन्ही एकत्रच शिजायचे आहे, तर आधीपासून एकत्र का नको? त्याचे उत्तर "आपल्याकडे तसं करत नाहीत" असे देऊन भागत नाही, कारण या कृतीतला सगळ्यात पक्का क्रम हाच आहे.

डाळीचा दाणा शिजतो म्हणजे दोन गोष्टी घडतात. दाण्यातल्या पेशींना एकमेकींशी चिकटवून धरणारे पेक्टिन विरघळत जाते आणि आतला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. साखर या दोन्ही कामांत आडवी येते. ती पेशींच्या भिंती घट्ट ठेवते आणि स्टार्चला फुगू देत नाही. गुळात साखरेच्या जोडीला थोडा आंबटपणा असतो आणि कॅल्शियमही असते. आंबट पाण्यात पेक्टिन सहज विरघळत नाही आणि कॅल्शियम त्याला आणखी बांधून टाकते. बोअरच्या जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, तिथेही असेच क्षार नडतात. म्हणून कच्ची डाळ गुळात पडली की तिचे शिजणे रखडते. कितीही आटवा, दाणा दाताखाली लागतोच. भाचीला मी म्हटले, "गूळ घातलास की डाळीचं शिजणं तिथेच थांबलं असं समज. जे काही शिजवायचं ते त्याआधी."

मग पुढचा प्रश्न ओघानेच येतो. डाळ शिजली हे ओळखायचे कसे? बहुतेकजण शिट्ट्या मोजून सांगतात. कोणी चार म्हणते, कोणी सहा, आणि दोघांचेही आपापल्या स्वयंपाकघरात बरोबर असते. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडणे. ज्योत मोठी असेल तर चार शिट्ट्या भराभर होऊन जातात आणि डाळ कच्ची राहते. मंद आचेवर एकच शिट्टी होते आणि डाळ मेणासारखी मऊ होते. मी पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून पंधरा मिनिटे ठेवते, पण भिजवलेल्या ताज्या डाळीला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात वर्षभर डब्यात पडलेली डाळ शिजत नाही. तेव्हा शिट्ट्या आणि मिनिटे हा नुसता अंदाज. खरी अट दाण्यात आहे. वाफ आपोआप जिरल्यावर कुकर उघडायचा, डाळीचा एक दाणा दोन बोटांत धरायचा आणि दाबायचा. त्याचे सरळ पीठ झाले पाहिजे. मधे पांढरी, कडक कणी लागली तर झाकण लावून पुन्हा शिजवायचे. ही दुरुस्ती गूळ पडण्यापूर्वीच होते. नंतर लक्षात आले तर मिश्रण मिक्सरमध्ये बारीक करून रवाळपणा कमी करता येतो, डाळ मात्र मऊ होत नाही. गूळ घातलेले मिश्रण परत कुकरला लावले तर ते तळाशी करपते.

कट काढण्याची जागाही याच दोन पायऱ्यांच्या मध्ये ठरलेली आहे. डाळ शिजण्यापूर्वी कटाच्या पाण्याला चव येत नाही, आणि गूळ पडल्यावर पाणी काढले तर गोडी पाण्याबरोबर जाते. कट काढलाच नाही तर पुरण बिघडत नाही, पण तेवढे सगळे पाणी पातेल्यात आटवत बसावे लागते. शिवाय आमटी हुकते. डाळ चाळणीत ओतून, हलक्या हाताने एकदा खालीवर करून पाच-दहा मिनिटे निथळू द्यायची. इथे घाई केली की तिची भरपाई पुढे गॅसपाशी उभे राहून करावी लागते.

आता गूळ पडतो आणि नवशिक्या माणसाचा धीर इथे सुटतो. डाळ घट्ट होती, तिच्यात कोरडा गूळ घातला, तरी पाच मिनिटांत सगळे पातळ होऊन बसते. काही चुकलेले नसते. गूळ वितळला की त्याचा पाक होतो आणि डाळीतले उरलेसुरले पाणीही मोकळे होते. मग मिश्रण रटरटू लागते आणि त्याचे शिंतोडे उडतात. ते हाताला चिकटून भाजतात, म्हणून उलथणे लांब दांड्याचे घ्यावे आणि आच मध्यम ठेवावी. हळूहळू बुडबुडे जड होतात, पुरण पातेल्याच्या कडा सोडू लागते, उलथणे फिरवले की तळ क्षणभर दिसतो. शेवटी पुरणाच्या मधोमध उलथणे रोवून हात सोडायचा. ते उभे राहिले की पुरण झाले, कलले की अजून आटवायचे.

"पण साधारण किती मिनिटं?" हा प्रश्न भाचीने दोनदा विचारला, आणि आकडा मी दोन्ही वेळा दिला नाही. पातेले पसरट आहे की उभट, डाळ किती निथळली, गूळ कोरडा आहे की चिकट, यावर ते ठरते. वीस मिनिटांचा आकडा दिला असता तर विसाव्या मिनिटाला तिने गॅस बंद केला असता. उलथण्याची खूण कोणत्याही पातेल्यात खरी ठरते. मात्र ती पुरण गरम असतानाच पाहायची. निवल्यावर पुरण आणखी घट्ट होते, त्यामुळे थंड पुरणात उलथणे उभे राहिले म्हणून आटवणे पुरले असे म्हणता येत नाही.

वेलची आणि जायफळ अगदी शेवटी घालतात, कारण त्यांचा वास उडून जाणाऱ्या तेलांत असतो. आधी घातले तर स्वयंपाकघर घमघमते आणि पोळीत कमी उरते.

सगळेच क्रम इतके कडक नसतात, आणि हेही सांगायला हवे. आमच्या घरी गूळ घालून आटवल्यावर पुरण यंत्रातून काढतात. कित्येक घरांत निथळलेली डाळ आधी वाटून मग गूळ घालतात. दोन्ही रीतींनी पोळी उत्तम होते, कारण वाटणे डाळ शिजल्यानंतर आहे एवढेच तिथे महत्त्वाचे. अट एकच, वाटताना ते गरम हवे. थंड झालेले पुरण यंत्राच्या जाळीतून उतरत नाही, दांडा फिरवून हात भरून येतात. दोन घरांतल्या कृती वेगळ्या दिसल्या की आपण वाद घालतो. त्यातला कोणता फरक अट मोडणारा आहे आणि कोणता नाही, एवढे पाहिले तर बराच वाद मिटतो.

कणकेची ओळ कृतीत सहावी आहे, पण ती सहावे काम म्हणून केली तर जेवण लांबते. कणीक भिजवल्यावर तिच्यातले ग्लुटेन ताठ असते, लाटलेली पोळी परत आक्रसते आणि जोर लावला की फाटते. तासा-दोन तासांत ते सैलावते. हा वेळ पुरणाच्या वेळेशी समांतर चालू शकतो, कारण पुरण भरण्याच्या क्षणापर्यंत या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. म्हणून वेळ उलटीकडून मोजावी. पाने एक वाजता वाढायची असतील तर पोळ्या लाटायला बारा वाजता बसायला हवे. त्या वेळी पुरण निवलेले हवे, गरम पुरणाने पारी मऊ पडून फाटते. निवायला साधारण तास धरला तर पुरण अकराच्या सुमारास गॅसवरून उतरून वाटून झाले पाहिजे. आटवणे सव्वादहाला सुरू करावे, कुकर साडेनऊला लागावा, डाळ साडेआठला भिजत पडावी. कुकर गॅसवर असताना हात मोकळे असतात, कणीक तेव्हाच भिजवायची. बारा वाजेपर्यंत ती आपोआप दोन तास मुरते. वाटीभर डाळीच्या आठ-दहा पोळ्या होतात. दुसऱ्या शेगडीवर कटाची आमटी तेवढ्यात उकळते.

तव्यावरही एक अट आहे. पहिली बाजू पक्की होण्याआधी पोळी उलटली तर पारी तव्याला धरते आणि पुरण बाहेर येते. वरच्या बाजूचा कच्चा रंग जाऊन बारीक फुगे दिसले की मगच उलथणे खाली सरकवायचे.

शेवटी "जर तसं झालं तर" या जातीचे प्रश्न. पुरण सैल राहिले तर जाड बुडाच्या पातेल्यात परत घालून मंद आचेवर सतत हलवत आटवायचे. वाटलेले पुरण लवकर लागते, तेव्हा हात थांबवायचा नाही. पुरण कोरडे होऊन भुगा पडू लागला तर चमचा-चमचा कोमट दूध घालून मळायचे. पुरण ठीक असून पोळी फुटत असेल तर कणीक पाहावी. पुरण मऊ आणि कणीक घट्ट असली की लाटणे फिरताना पुरण पुढे पळते आणि पारी मागे राहते. कणकेला तेलाचा हात लावून ती पुन्हा तिंबली, थोडा वेळ ठेवली की दोन्ही सारखी होतात.

भाचीचा अखेरचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. "आज रात्रीच पुरण करून ठेवलं तर?" चालते. पुरण वाटून, पूर्ण निववून, डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावे आणि लाटायच्या तासभर आधी बाहेर काढून हाताने मळून सारखे करावे. आमटीसाठी कटही तसाच राहतो. डाळ शिजवून, गूळ न घालता रात्रभर ठेवली तर तेही चालते, पण सकाळी ती घट्ट गोळा झालेली असते, त्यामुळे आधी गरम करून मोडावी लागते. कणीक मात्र सकाळीच भिजवावी. रात्रभर ठेवलेली कणीक काळपट पडते आणि पारीला ओढ राहत नाही.