बजेट कमी आहे? दर नको, काम कमी करा

मॉड्युलर किचनचं कोटेशन दिलं दोन लाख चाळीस हजारांचं, आणि ताई म्हणाल्या, "आमचं बजेट एक लाख ऐंशीचं आहे हो." अशा वेळी काम हातचं जाऊ नये म्हणून आपण लगेच "बघू, करून देतो" म्हणतो. नुकसान त्याच वाक्यात होतं.

या कोटेशनचा हिशोब असा धरू : माल १,३२,०००, सुतारांची मजुरी ४५,०००, वाहतूक आणि फिटिंग १५,०००. म्हणजे खर्चच १,९२,०००. उरतात ४८,०००, त्यातून साइटच्या फेऱ्या, फोन, दुरुस्ती आणि आपलं घर. साठ हजार सोडले तर आपण बारा हजार खिशातून घालून काम करतो. मग कुठेतरी प्लाय बदलतो आणि सिंकखालचा कप्पा पहिल्या पावसाळ्यातच फुगतो.

म्हणून आधी विचारावं, "एक लाख ऐंशी जीएसटी धरून की सोडून?" अठरा टक्के कर त्यातच असेल तर आपल्या हाती जेमतेम १,५२,५०० येतात, आणि बोलणी वेगळीच होतात. इथे ताई म्हणाल्या, सोडून.

मग कोटेशन उघडून एकेक ओळ त्यांच्यासमोर वाचावी. छताजवळचे लॉफ्ट नंतर केले तर २६,००० वाचतात. सहाही ड्रॉवर टँडमचे हवेत का? जड भांड्यांचे खालचे दोन तसेच ठेवून बाकी चार साध्या टेलिस्कोपिक चॅनलवर घेतले की १४,००० कमी. ॲक्रिलिकऐवजी लॅमिनेटची दारं घेतली की आणखी १८,०००. झाले १,८२,०००. उरलेले दोन हजार सोडायला हरकत नाही, पण बदल्यात काहीतरी मागावं : माल मागवण्याआधी साठ टक्के रक्कम जमा. फुकट सोडलेल्या दोन हजारांनंतर आणखी पाच मागितले जातात, हा माझा अनुभव आहे.

एका गोष्टीला मात्र हात लावू नये. सिंकखाली आणि ओट्याच्या बाजूला पाणी सोसणारा बीडब्ल्यूआर प्लायच हवा. तिथे स्वस्तातला एमआर वापरून पैसे वाचवायला ग्राहकाने सांगितलं तरी नाही म्हणावं. तक्रार आली की ती सूचना कुणाला आठवत नाही, नाव आपलंच खराब होतं.

"दुसरा दीड लाखात करतोय" असं कुणी म्हटलं तर चिडू नये. त्याचं लेखी कोटेशन शेजारी ठेवून प्लायची जाडी, ग्रेड आणि बिजागऱ्यांची कंपनी जुळते का ते दोघांनी मिळून पाहावं. सगळं जुळत असेल, तर आपल्याला ते परवडत नाही हे मोकळेपणाने सांगून काम सोडावं.

नवं कोटेशन नव्या तारखेचं काढा, आणि लॉफ्ट, टँडम, ॲक्रिलिक यांपुढे "यात समाविष्ट नाही" असं स्पष्ट लिहून त्याखाली ताईंची सही घ्या.