बेरीज कशाची करायची?

जातीचा दाखला एकदा काढला की आयुष्यभर पुरतो. नॉन-क्रीमीलेअरच्या दाखल्याची मुदत मात्र संपते, बहुधा ३१ मार्चला. मग प्रवेशाच्या तोंडावर घरोघरी धावपळ सुरू होते. आमच्या शेजारचे गृहस्थ सरकारी कार्यालयात लिपिक. बँकेतून निवृत्त झालो तरी लोक आकड्यांचे कागद घेऊन माझ्याकडेच येतात, तसे तेही आले. पगार वर्षाला नऊ लाख चाळीस हजार, शेतीचे एक लाख, गाळ्याचे भाडे बहात्तर हजार. बेरीज अकरा लाखांवर, मर्यादा आठ लाखांची (२०१७ पासून). “मुलीचं संपलंच म्हणायचं,” ते म्हणाले.

पण ही बेरीजच करायची नसते! केंद्राच्या १९९३ च्या नियमानुसार उत्पन्नाच्या कसोटीत पगार आणि शेतीचे उत्पन्न मिळवत नाहीत. राहिले भाड्याचे बहात्तर हजार. शिवाय मर्यादा सलग तीन वर्षे ओलांडली, तरच मूल बाहेर पडते. म्हणून पुरावा तीन वर्षांचा मागतात. घोटाळा होतो तो उत्पन्नाच्या दाखल्यात सगळे मिळून एकच आकडा पडतो तेव्हा. पगार, शेती आणि इतर उत्पन्न वेगवेगळे दाखवलेले आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

पगार सोडला म्हणून नोकरी सुटत नाही. तिथे हुद्दा पाहतात. आईवडिलांपैकी एकजण थेट वर्ग एकमध्ये भरती झालेला असेल, तर उत्पन्न कितीही कमी असो, मुलांना हा दाखला नाही. आमचे शेजारी वर्ग तीनचे, पत्नी गृहिणी. मुलीचा अर्ज सोमवारी जाईल.