ऑफर हातात, तारीख अधांतरी

‘सर, माझ्या जॉइनिंगचं काही कळलं का?’ या मेसेजला एचआरचं ठरलेलं उत्तर येतं: ‘बिझनेसच्या गरजेनुसार कळवू.’

इन्फोसिसने २०२२ मध्ये कॅम्पसवर निवडलेल्या सुमारे २,००० मुलांनी अशी दोन वर्षं काढली. कंपन्या मुलं निवडतात पदवीआधीच. पुढे प्रोजेक्ट आटले की पहिली कात्री लागते ती जॉइनिंगला. आणि ऑफर लेटरमध्ये तारीखच नसेल, तर बोट तरी कशावर ठेवणार?

ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. त्यानंतर तारखा निघाल्या. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरच्या कॅम्पसमधून ३०० हून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेत नापास म्हणून घरी पाठवलं. त्यांत ही ताटकळलेली मुलंही होती.

तेव्हा तारीख लेखी हाती येईपर्यंत दुसरीकडच्या मुलाखती थांबवू नका.