लांब तक्त्यातून रुंद तक्ता : एका व्यक्तीची एकच ओळ

आरोग्य तपासणी शिबिरात जमा झालेली उत्तरे संगणकावर नोंदविताना बहुधा ‘एक उत्तर, एक ओळ’ अशी पद्धत अवलंबिली जाते. नोंद करणाऱ्यास ती सोयीची असते; परंतु तंबाखू सेवन करणाऱ्यांमध्ये रक्तदाब अधिक आढळतो का, असा प्रश्न विचारताच ती अपुरी पडते. कारण एकाच व्यक्तीचे तंबाखूविषयीचे उत्तर एका ओळीत आणि रक्तदाब दुसऱ्याच ओळीत असतो. दोन्हींची सांगड घालण्यासाठी प्रत्येक व्यक्तीची एकच ओळ असलेला रुंद तक्ता करावा लागतो.

समजा, अन्नपूर्णा परिसरातील एखाद्या वसाहतीत तिघांना तीन प्रश्न विचारले. उदाहरणादाखल घेतलेला लांब तक्ता असा :

| क्रमांक | प्रश्न | उत्तर |
|---|---|---|
| १०१ | वय | ५२ |
| १०१ | वरचा दाब | १३८ |
| १०१ | तंबाखू | नाही |
| १०२ | वय | ४७ |
| १०२ | वरचा दाब | १४६ |
| १०२ | वरचा दाब | १३४ |
| १०२ | तंबाखू | हो |
| १०३ | वय | ६१ |
| १०३ | वरचा दाब | १२८ |

तीन व्यक्ती, तीन प्रश्न, म्हणजे नऊ ओळी हव्यात आणि त्या नऊच आहेत. तरीही तक्ता निर्दोष नाही. १०२ क्रमांकाचा दाब दोनदा आला आहे, तर १०३ क्रमांकाचे तंबाखूविषयीचे उत्तरच नाही. एक अधिक व एक उणे मिळून बेरीज जुळली, एवढेच. म्हणून ओळी मोजणे पुरेसे नाही. क्रमांक आणि प्रश्न यांची जोडी एकदाच येते किंवा नाही, हे पाहिले पाहिजे.

एक्सेलमध्ये हे सहज साधते. ‘अ’ स्तंभात क्रमांक, ‘ब’मध्ये प्रश्न, ‘क’मध्ये या दोहोंची जोडी, ‘ड’मध्ये उत्तर आणि ‘इ’मध्ये त्या जोडीची मोजणी अशी रचना करावी. संगणकावर हे स्तंभ अनुक्रमे A ते E असतात. C2 आणि E2 या घरांत पुढील सूत्रे लिहून खालपर्यंत ओढावीत :

```
C2:  =A2&"|"&B2
E2:  =COUNTIF(C:C,C2)
```

जेथे मोजणी एकाहून अधिक येईल, तेथे थांबून मूळ कागदी अर्ज पाहावा. ही पायरी वगळली, तर १०२ क्रमांकाचा दाब आपण निवडलेल्या साधनानुसार बदलतो. पिव्हट टेबलमध्ये बेरीज निवडल्यास २८० येतात. ही चूक निदान डोळ्यांत भरते. सरासरी मागितल्यास १४० येतात आणि ती व्यक्ती नेमकी उच्च रक्तदाबाच्या उंबरठ्यावर जाऊन बसते. शोधसूत्र वापरल्यास पहिलाच आकडा, १४६, उचलला जातो. तिन्ही वेळा निर्णय संगणकाने घेतलेला असतो, डॉक्टरांनी नव्हे.

अर्जावरून दाब खरोखरच दोनदा मोजल्याचे दिसले, तर दोन्ही आकडे राखून प्रश्नांची नावे ‘दाब १’ व ‘दाब २’ अशी वेगळी करावीत. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) रक्तदाब तीनदा मोजला गेला, तोही असाच स्वतंत्र स्तंभांत ठेवलेला आहे. त्याच सर्वेक्षणात स्त्रियांच्या तक्त्यात प्रत्येक स्त्रीची एक ओळ असून तिची अपत्ये क्रमांक दिलेल्या स्तंभांत पसरलेली असतात. प्रत्येक जन्माची एक ओळ असलेला लांब तक्ता वेगळा मिळतो.

नावे बदलल्यावर नव्या पानावर पहिल्या स्तंभात प्रत्येक क्रमांक एकदाच आणि पहिल्या ओळीत प्रश्नांची नावे लिहावीत. मूळ पानाचे नाव Long असल्यास B2 मध्ये हे सूत्र लिहून सर्वत्र ओढावे :

```
=VLOOKUP($A2&"|"&B$1,Long!$C:$D,2,FALSE)
```

| क्रमांक | वय | दाब १ | दाब २ | तंबाखू |
|---|---|---|---|---|
| १०१ | ५२ | १३८ | #N/A | नाही |
| १०२ | ४७ | १४६ | १३४ | हो |
| १०३ | ६१ | १२८ | #N/A | #N/A |

#N/A म्हणजे ती जोडी मूळ तक्त्यात सापडली नाही. प्रश्नाच्या नावात एखादी मोकळी जागा अधिक पडली, तरीही हेच दिसते; म्हणून प्रथम नावे ताडून पाहावीत. याउलट, ओळ आहे पण उत्तराचे घर रिकामे आहे, अशा वेळी हे सूत्र शून्य दाखविते आणि न मोजलेला दाब शून्य ठरतो. अशी रिकामी घरे आधीच ‘नोंद नाही’ या शब्दांनी भरावीत.

#N/A पुसून ‘नाही’ लिहिण्याचा मोह मात्र टाळावा. तसे केल्यास तंबाखू सेवन करणारे तिघांत एक ठरतात. प्रत्यक्षात उत्तर दोघांचेच आहे आणि त्यांपैकी एकाचे ‘हो’ आहे. न विचारलेला प्रश्न हा नकार नव्हे.

शेवटी ताळा करावा. रुंद तक्त्यात तीन ओळी व चार प्रश्न मिळून बारा घरे आहेत. त्यांतील तीन रिकामी, नऊ भरलेली. मूळ ओळीही नऊच होत्या, म्हणजे एकही उत्तर वाटेत हरवले नाही. मूळ लांब तक्ता मात्र जपून ठेवावा. शंका आल्यास कागदी अर्जापर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्यातूनच जातो.