जेल विद्युत् संचारण : छायाचित्राचे वाचन

जेल विद्युत् संचारण : (छायाचित्राचे वाचन). डीएनएचे तुकडे विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने जेलीसारख्या थरातून सरकवून लांबीनुसार वेगळे करण्याच्या पद्धतीस जेल विद्युत् संचारण म्हणतात. थराच्या छायाचित्रात दिसणाऱ्या पट्ट्यांच्या स्थानांवरून तुकड्यांच्या लांबीचा अंदाज करता येतो. लांबी क्षारक-जोड्यांच्या संख्येत सांगतात.

या वाचनावर किती अवलंबून असू शकते, हे बर्ड फ्ल्यूच्या उदाहरणावरून कळते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत कुक्कुटपालन हा शेतीचा जोडधंदा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे सुमारे शंभर कोंबड्या दगावल्या. तपासणीत एच५एन१ हा व्हायरस आढळल्यावर एक किमी. परिघातील सुमारे २५,००० पक्षी नष्ट करण्याचे ठरले. आज असे निदान बहुधा अनुस्फुरण थेट मोजणाऱ्या उपकरणाने होते व त्यास जेल लागत नाही; तथापि त्याच तत्त्वावरील जुनी पद्धत जेलवर वाचली जाते व छायाचित्राचे वाचन समजण्यास तीच सोयीची आहे.

या व्हायरसाची आनुवंशिक द्रव्ये आरएनए स्वरूपात असतात. त्यावरून प्रथम डीएनए तयार करून पॉलिमरेज शृंखला विक्रियेने त्यातील ठराविक भागाच्या असंख्य प्रती काढतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रसृत केलेल्या एका पद्धतीत सर्व ‘अ’ प्रकारच्या इन्फ्ल्यूएंझा व्हायरसांतील एम जीनचा २४४ जोड्यांचा आणि केवळ एच५ जीनचा २१९ जोड्यांचा तुकडा मिळतो. १०० मिलि. उभयप्रतिरोधी विद्रावात २ ग्रॅ. ॲगारोज वितळवून ओतलेल्या थराच्या एका कडेस खाचा ठेवतात व त्यांत नमुने भरतात. डीएनए ऋण भारित असल्याने तो धन अग्राकडे सरकतो. ॲगारोजाच्या जाळीतून आखूड तुकडे चटकन निसटतात, लांब तुकडे अडखळतात. म्हणून आखूड तुकडा खाचेपासून दूर जातो. एथिडियम ब्रोमाइडासारखे रंजक वापरले असता जंबुपार किरणांत पट्ट्या चमकतात.

एका मार्गिकेत ज्ञात लांबीच्या तुकड्यांचे मिश्रण सोडतात. १००, २००, ३०० असे पट्टे एकाखाली एक पायऱ्यांसारखे दिसत असल्याने त्यास शिडी म्हणतात. पायऱ्यांची अंतरे मात्र समान नसतात. समजा, एका छायाचित्रात खाचेपासून ३०० चा पट्टा ४३ मिमी., २०० चा ५० मिमी. आणि १०० चा ६२ मिमी. अंतरावर आहे. सरकलेले अंतर लांबीच्या लॉगरिथमाशी जवळजवळ सरळ रेषेत बदलते, लांबीशी नव्हे. नमुन्याच्या एका मार्गिकेतील पट्टा ४६·५ मिमी.वर, म्हणजे ३०० व २०० यांच्या बरोबर मध्ये आहे. नवशिका वाचक येथे २५० म्हणेल; परंतु लॉगरिथमी मध्य हा २०० व ३०० यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे २४५ होय. हा एम जीनचा तुकडा असावा. दुसऱ्या मार्गिकेतील पट्टा ४८·५ मिमी.वर आहे, त्याच रीतीने लांबी सुमारे २१८ येते व ती एच५ च्या २१९ शी जुळते.

मोजणीत अर्ध्या मिमी.ची चूक झाली तरी येथे उत्तर सहा-सात जोड्यांनी बदलते. या दोन तुकड्यांत फक्त २ मिमी.चे अंतर आहे, हे लक्षात घेता त्यांच्या विक्रिया वेगळ्या करून वेगळ्या मार्गिकांत सोडणे इष्ट ठरते. जेल मध्यभागी तापल्यास तेथील पट्ट्या कडेच्या पट्ट्यांहून पुढे धावतात व ओळ वक्र होते; तेव्हा एकाच कडेच्या शिडीवर विसंबल्यास लांबी चुकते. यास्तव दोन्ही कडांना शिडी असावी. शंभरच्या खालील फिकट, पसरट डाग बहुधा विक्रियेतील आखूड आरंभक परस्परांस चिकटून झालेला असतो. त्यास निकाल मानीत नाहीत.

नमुन्याऐवजी केवळ पाणी घातलेल्या मार्गिकेकडे प्रथम पाहावे. तेथे २१९ चा पट्टा उमटला असेल तर बाहेरचे डीएनए मिसळले आहे, आणि नमुन्यांतील तशा पट्ट्यांनाही अर्थ उरत नाही. याउलट ज्ञात व्हायरसाच्या मार्गिकेतच पट्टा नसेल, तर विक्रिया फसली आहे. नमुना निर्दोष आहे असे म्हणता येत नाही.

शिवाय लांबी जुळणे म्हणजे क्षारकांचा क्रम जुळणे नव्हे. २१९ चा पट्टा एच५ सुचवितो. एन१ आहे की नाही, ते त्यावरून कळत नाही. व्हायरस तीव्र रोगकारक आहे का, हेही त्यातून कळत नाही. त्यासाठी एच५ प्रथिन जेथे छेदले जाते त्या भागातील क्षारकांचा क्रम वाचावा लागतो.